चहातून दिलेली झोपेची गोळी

"आई रात्रभर झोपत नाही. झोपेची गोळी द्या, पण चहात विरघळेल अशी द्या. तिला कळता कामा नये." औषधाच्या दुकानात असं कुणी दबक्या आवाजात मागतं, तेव्हा मागणारा माणूस दुष्ट नसतो. बहुतेकदा तो स्वतःच कित्येक रात्री नीट झोपलेला नसतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. त्यातल्या बहुतेकांना घरातलीच माणसं सांभाळतात. नोकरी करून, डबे भरून, रात्री दोनला उठून दाराची कडी धरून बसतात. त्यांना उपदेश करायला हा लेख नाही. पण चहात कालवलेल्या त्या गोळीचं शरीरात काय होतं आणि ती लपवून दिली की वेगळा धोका का तयार होतो, हे नीट कळलं तर त्या हतबल रात्री माणूस जरा वेगळा विचार करू शकतो.

नियमाने पाहिलं तर दुकानदार ही गोळी चिठ्ठीशिवाय देऊ शकत नाही. २०१३ साली आणलेल्या 'शेड्यूल एच-१' यादीत डायझेपाम, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही सगळी नावं आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी हवी, रोग्याचं नाव रजिस्टरात हवं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायला हवं. पण घरात वापरली जाणारी गोळी पुष्कळदा दुकानातून आलेलीच नसते. ती कपाटाच्या खणातून येते. कुणाला तरी कधी तरी लिहून दिलेली आणि अर्धी उरलेली पट्टी असते.

एक घर कल्पू. घर काल्पनिक असलं तरी त्यातली एकही गोष्ट दुर्मीळ नाही. माईंचं वय ७८, वजन ४६ किलो. तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं आणि तेव्हापासून डोनेपेझिल नावाची गोळी रात्री जेवणानंतर चालू आहे. मध्यंतरी माईंना लघवीची घाई होऊ लागली, मोरीपर्यंत पोचायच्या आत कपडे ओले होऊ लागले. दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्यासाठी ऑक्सिब्युटिनिन दिलं. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत रात्री बिघडल्या. मध्यरात्री उठायचं, साड्यांचं गाठोडं बांधायचं, "गाडी चुकेल, मला घरी जाऊ द्या" म्हणत दार वाजवायचं, अडवलं तर ओरबाडायचं. शेवटी मुलाला वडिलांच्या खणात डायझेपाम ५ मिलिग्रॅमची पट्टी सापडली. वडील हयात असताना त्यांच्या कंबरेच्या उसणीसाठी ती दिली होती. माई गोळ्या थुंकून टाकतात, म्हणून सुनेने ती लाटण्याखाली चुरडून रात्रीच्या चहात ढवळली.

पहिल्या रात्री माई सकाळी सातपर्यंत झोपल्या आणि त्यांच्याबरोबर सगळं घर झोपलं. खरी फसगत इथेच होते. औषध गुणाचं आहे आणि त्रासही काही झाला नाही, असा पुरावाच हाती आल्यासारखं वाटतं. पण झोपेची गोळी म्हाताऱ्या शरीरात कशी वागते हे पहिल्या रात्री दिसत नाही. त्याला आठवडा लागतो.

डायझेपाम चरबीत विरघळणारं औषध आहे. वय वाढतं तसं शरीरातलं पाणी आणि स्नायू घटतात, चरबीचं प्रमाण वाढतं, यकृताची औषध मोडायची गती मंदावते. त्यामुळे औषध चरबीत मुरून बसतं आणि सावकाश रक्तात परत येत राहतं. क्लोट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली हे मोजून दाखवलं. विशीतल्या माणसाच्या रक्तातलं डायझेपाम निम्मं व्हायला साधारण २० तास लागतात, तर ऐंशीच्या माणसाला सुमारे ९० तास. वयाचा आकडा आणि तासांचा आकडा जवळपास सारखा निघावा, हा योगायोग लक्षात ठेवायला फार सोयीचा आहे.

माईंसाठी आपण ८० तास धरू. म्हणजे आज रात्री दिलेल्या गोळीतलं सुमारे ८१ टक्के औषध उद्या रात्री अंगात शिल्लक असतं आणि त्याच्यावर दुसरी गोळी पडते. तिसऱ्या रात्री गोळी दिल्यावर अंगात एकूण अडीच गोळ्यांएवढं औषध होतं. सातव्या रात्री ते चार गोळ्यांवर जातं आणि दोन आठवड्यांनी पाचांच्या आसपास स्थिरावतं. सूनबाई रोज एकच गोळी चुरडत असतात. एका कपात पाच गोळ्या घालायचं धाडस त्यांनी कधीच केलं नसतं, पण दोन आठवड्यांत माईंच्या अंगात जवळपास तेवढं औषध साठतंच. हा हिशेबही मवाळ आहे. यकृत डायझेपामचं जे रूपांतर करतं, ते डेस्मिथिलडायझेपाम स्वतःच गुंगी आणणारं असतं आणि मूळ औषधापेक्षाही जास्त काळ टिकतं. शिवाय म्हातारा मेंदू या औषधांना जास्त संवेदनशील असतो आणि डिमेन्शियाने पोखरलेला मेंदू त्याहून. एवढ्या वयाच्या माणसाला डायझेपाम द्यायचीच वेळ आली तर डॉक्टर दोन-अडीच मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात आणि बहुतेक वेळा देतच नाहीत. वृद्धांना कोणती औषधं टाळावीत याची अमेरिकेतल्या जराचिकित्सकांची 'बीअर्स निकष' नावाची यादी १९९१ पासून वापरात आहे. त्या यादीत डायझेपामचा सगळा गट टाळण्याच्या औषधांत आहे, आणि डिमेन्शिया किंवा आधी पडण्याचा इतिहास असेल तर विशेष करून.

आता घरात काय दिसतं ते पाहू. चौथ्या-पाचव्या दिवशी माई सकाळी उशिरा उठतात, चहाचा कप हातात धरून पेंगतात. "चला, झोप पूर्ण होतेय," असं घरच्यांना वाटतं. आठव्या दिवशी चालताना भिंत धरावी लागते, बोलणं जड येतं, अंथरुणात लघवी होते. दहाव्या दिवशी त्या मुलाला "तुम्ही कोण?" विचारतात. दिवसभर पेंगल्यामुळे रात्रीची झोप पुन्हा तुटते आणि आता त्या अर्धवट गुंगीत उठतात. आधी निदान पाय तरी स्थिर होते. काही वृद्धांमध्ये तर या औषधाचा उलटाच परिणाम होतो. मेंदूवरचा उरलासुरला लगाम सुटतो आणि शांत होण्याऐवजी माणूस जास्त चिडतो, शिव्या देतो, अंगावर धावून येतो.

या प्रत्येक लक्षणाचा घरात एकच अर्थ लावला जातो, आजार वाढला. अडखळतं बोलणं, तोल जाणं, ओळख न पटणं, रात्री भ्रमिष्टासारखं वागणं हे सगळं डिमेन्शियाच्या पुढच्या टप्प्यातही दिसतं. औषधाने केलेलं नुकसान आणि आजाराने केलेलं नुकसान यांचा चेहरा इतका सारखा असतो की अनुभवी डॉक्टरलाही नुसतं पाहून फरक सांगता येत नाही. तो विचारतो, "कुठली औषधं चालू आहेत?" आणि इथे घरचे गप्प बसतात. माईंपासून लपवलेली गोष्ट पाहता पाहता डॉक्टरांपासून, नणंदेपासून, दिवसा येणाऱ्या बाईंपासून, सगळ्यांपासूनच लपते. नुकसान ओळखू शकणारी जी जी माणसं होती, त्यांच्यातल्या कुणालाच ती गोळी माहीत नसते. गोळी म्हणून गोळी वाईट आहेच, पण माझ्या मते घात करते ती ही गुप्तता. उघडपणे दिलेली चुकीची गोळी कुणीतरी आठवड्याभरात थांबवतं. लपवून दिलेली गोळी वाढवली जाते, कारण 'आजार वाढलाय'.

हे सगळं डायझेपामचं झालं. दुसरी गोळी असती तर गोष्ट वेगळी घडली असती, पण बरी घडली असती असं नाही. अल्प्राझोलाम इतकं साठत नाही. पण ते लवकर उतरतं म्हणून सवय पटकन लागते, आणि महिनोन्‌महिने देऊन एकदम बंद केलं तर घाम, थरथर, भास आणि कधीकधी फिट येते. बुरशीच्या संसर्गावर दिली जाणारी काही औषधं आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स अल्प्राझोलामचा निचरा अडवतात. मग तीच गोळी अचानक भारी पडते. ते नवं अँटिबायोटिक लिहिणाऱ्या डॉक्टरला चहातलं औषध ठाऊक नसतं, तो कसा सावध करणार? झोल्पिडेम तीन-चार तासांत ओसरू लागतं, पण त्याचा जोर नेमका पहिल्या दोन-तीन तासांत असतो आणि माईंच्या वयाच्या माणसाला तेवढ्यात एकदा तरी लघवीला उठावंच लागतं. पलंगावरून पाय खाली टाकला, तोल गेला, खुब्याचं हाड मोडलं. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरात दगावतो, हे घरच्यांना सहसा कुणी आधी सांगत नाही.

चुरडण्याचा धोका आणखी वेगळा. गोळी लाटण्याखाली घातली की तिची मात्रा ठरलेली राहत नाही. थोडी पूड पोळपाटाला चिकटते, थोडी चमच्याला. यातली बरीच औषधं पाण्यात नीट विरघळत नाहीत, ती कपाच्या तळाशी बसतात. माईंनी अर्धा चहा प्यायला तर औषध जवळपास गेलंच नाही, आणि तळ ढवळून शेवटचा घोट घेतला तर जवळपास सगळं गेलं. आज झोप लागली आणि काल लागली नाही, याचं कारण एवढं साधं असू शकतं. पण घरच्यांना वाटतं, गोळीचा असर कमी झाला, आणि दुसऱ्या दिवशी दीड गोळी पडते. उरलेला अर्धा कप ओट्यावर तसाच राहिला आणि शाळेतून आलेल्या नातवाने तो उचलला, ही शक्यता तर घरात कुणाच्या डोक्यातही येत नाही.

काही गोळ्या तर चुरडण्यासाठी बनवलेल्याच नसतात. अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम दोन्हींचे हळूहळू विरघळणारे प्रकार मिळतात. नावापुढे 'एसआर', 'सीआर', 'ईआर', 'एक्सआर' अशी अक्षरं असतात. आठ-दहा तास पुरवून सोडायचं औषध त्या गोळीच्या रचनेत अडकवलेलं असतं. ती चुरडली की ती रचनाच मोडते आणि रात्रभराचं औषध तासाभरात रक्तात उतरतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली झोल्पिडेमची शिफारस केलेली मात्रा स्त्रियांसाठी निम्मी केली, कारण सकाळीही रक्तात गाडी चालवणं धोक्याचं ठरावं इतकं औषध उरत होतं. वृद्धांसाठीची मात्रा आधीपासूनच कमी आहे. ४६ किलोच्या माईंना तरुण माणसासाठी आणलेली 'सीआर' गोळी चुरडून दिली तर काय होईल, याचा अंदाज यावरून यावा.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती घशाची. गिळणं ही आपल्याला न जाणवणारी फार गुंतागुंतीची क्रिया आहे. घास मागे सरकायचा, श्वासनलिकेवरचं झाकण मिटायचं, क्षणभर श्वास थांबायचा, आणि चुकून काही आत गेलंच तर जोराचा ठसका येऊन बाहेर पडायचं. डिमेन्शियात हे सगळं आधीच ढिलं पडलेलं असतं. त्यात गुंगीचं औषध ठसकाच मंद करतं. माई पेंगत असतात, दुपारची वेळ टळून जाईल म्हणून सूनबाई त्यांना वरण-भात भरवतात, घास गालात साठतो, डोळे मिटलेले, मग एक घोट पाणी. पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि ठसका येत नाही. बाहेरून सगळं शांत दिसतं. नंतर आवाज ओलसर, घरघरल्यासारखा येतो, श्वास भरभर होतो आणि एक-दोन दिवसांत ताप चढतो. हा न्यूमोनिया वृद्धांना फार जड जातो. म्हणून एक साधी गोष्ट लक्षात ठेवावी. माणूस पूर्ण जागा असल्याशिवाय, ताठ बसल्याशिवाय आणि आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा घास भरवायचा नाही, मग जेवण चुकलं तरी चालेल.

आणखी एका गोष्टीकडे घरात फारसं कुणी पाहत नाही. डिमेन्शियात संशय हे नेहमीचं लक्षण आहे. माझे पैसे चोरले, जेवणात काहीतरी घातलंय, मला मारायला टपलेत. घरच्यांना हे ऐकायची सवय झालेली असते आणि "माई, असं काही नाही हो" म्हणायचीही. माई एका संध्याकाळी कप खाली ठेवतात आणि म्हणतात, "कडू लागतंय. यात काहीतरी घातलंय." घरातली सगळी माणसं एकमेकांकडे बघतात आणि मुलगा म्हणतो, "काही नाही माई, साखर कमी झाली असेल." त्या दिवशी त्या घरातलं सगळ्यात खरं वाक्य माई बोलल्या होत्या. डिमेन्शिया झालेल्या माणसाला प्रसंग आठवत नाही, पण त्या प्रसंगाची भावना पुष्कळदा मागे राहते. कशामुळे ते आठवत नाही, पण या हातचा चहा नको, हे राहतं. मग चहा सुटतो, दूध सुटतं, काही दिवसांनी त्या हाताने वाढलेलं जेवणही सुटतं. माईंचं वजन आधीच ४६ किलो आहे. एका गोळीपायी अन्नावरचा विश्वास गेला तर तो परत मिळवणं रात्रीच्या गोंधळापेक्षा कितीतरी अवघड होऊन बसतं.

माईंच्या घरात बाराव्या दिवशी ताप आला आणि त्यांना इस्पितळात हलवलं. तिथे गुंगी पाहून मेंदूचा सीटी स्कॅन झाला, तो त्यांच्या आजाराला शोभेल असाच निघाला. सोडियम, साखर, लघवी सगळं तपासलं. लघवीत या गटातली औषधं शोधता येतात, पण संशय असेल तरच डॉक्टर ती तपासणी सांगतो. औषध थांबलं होतं, तरी माई दुसऱ्या दिवशी जाग्या झाल्या नाहीत, आणि हेच दिशाभूल करणारं ठरलं. ८० तासांनी निम्मं होणारं औषध अंगातून जवळपास पूर्ण जायला त्याच्या पाचपट वेळ, म्हणजे सोळा-सतरा दिवस लागतात. शेवटी नणंदेने रात्री कॉटशेजारी बसून भावाला सरळ विचारलं आणि त्याने सांगून टाकलं. त्यानंतर डॉक्टरांच्या मनातलं चित्र पाच मिनिटांत बदललं.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न. माई रात्री उठत का होत्या? गोळी लपवली गेल्यामुळे हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. डॉक्टरांनी सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे मांडल्या तेव्हा उत्तर समोर आलं. डोनेपेझिल मेंदूतलं ॲसेटिलकोलिन वाढवतं. त्यामुळे स्मरणाला थोडी मदत होते, पण मूत्राशयही जास्त आकुंचन पावू शकतं आणि काहींना लघवीची घाई होते. त्या घाईवर दिलेलं ऑक्सिब्युटिनिन हे ॲसेटिलकोलिन अडवणारं औषध. ते मूत्राशय शांत करतं, पण मेंदूतही शिरतं आणि डोनेपेझिलच्या बरोबर उलटं काम करतं. गोंधळ वाढतो, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं. माईंना पाच दिवस शौचाला झाली नव्हती. त्यांना ते सांगता येत नव्हतं आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. शिवाय डोनेपेझिल रात्री घेतलं की काहींना झोप लागत नाही, भयानक स्वप्नं पडतात. एका औषधाच्या परिणामावर दुसरं औषध, दुसऱ्याच्या परिणामावर तिसरं, अशी ही साखळी वैद्यकात चांगली ओळखीची आहे. डोनेपेझिलच्या गटातल्या औषधानंतर मूत्राशयाचं औषध सुरू होणं हे तिचं ठरलेलं उदाहरण मानलं जातं. चहातलं डायझेपाम ही तिची तिसरी कडी होती. ऑक्सिब्युटिनिन बंद झालं, डोनेपेझिल सकाळी देऊ लागले, पोट साफ होण्याचं औषध दिलं आणि तीन-चार आठवड्यांत रात्री पूर्वीसारख्या झाल्या. पूर्वीसारख्या म्हणजे अगदी शांत नव्हे. एखाद्या रात्री गाठोडं बांधलं जातंच, पण दार वाजत नाही.

प्रत्येक घरात इतकं चपखल कारण सापडेल असं नाही. पण काही दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांत अचानक बिघडलेल्या रात्रींमागे बहुतेक वेळा काहीतरी शारीरिक असतं. अडकलेली लघवी, साठलेलं पोट, गुडघ्याची किंवा दाताची कळ, संसर्ग, उतरलेलं सोडियम, नवं औषध. संध्याकाळी दिलेली लघवीची गोळी असू शकते, किंवा सर्दीसाठी दुकानातून आणलेलं गुंगी आणणारं सिरप. या अचानक गोंधळाला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. त्यावर झोपेची गोळी दिली तर तो बहुधा वाढतो आणि खालचं कारण झाकलं जातं. म्हणून डॉक्टरकडे जाताना "झोपत नाही" एवढंच सांगू नये. आठवडाभराची वही न्यावी. किती वाजता उठल्या, उठून काय केलं, दिवसा किती पेंगल्या, शौचाला कधी झाली, चहा किती वाजता घेतला, आणि प्रत्येक गोळी कोणत्या तारखेपासून सुरू झाली, हे सगळं त्यात असावं. या वहीतून पुष्कळदा कारण सापडतं. पहिली दुरुस्तीही तिच्यातूनच सुचते, मग ती दुपारची झोप अर्ध्या तासावर आणणं असो, सकाळी अंगणात किंवा गॅलरीत उन्हात बसवणं असो, संध्याकाळचा चहा बंद करणं असो, मोरीपर्यंतच्या वाटेवर मंद दिवा असो किंवा झोपण्याआधी लघवी करवणं असो.

मग अन्नातून औषध देणं कधीच योग्य नाही का? आहे, पण फार मोजक्या वेळा. फिट थांबवणारी किंवा हृदयाची गोळी, जी न घेतल्यास जिवाला धोका आहे आणि माणूस ती समजूनच घेऊ शकत नाही, अशा वेळी डॉक्टर हा मार्ग निवडू शकतात. इंग्लंडमध्ये २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याखाली याची रीत ठरलेली आहे. माणसाला निर्णय घेता येतो का ते आधी तपासायचं, त्याच्या हिताचं काय ते डॉक्टर, कुटुंब आणि औषधतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचं, गोळी चुरडता येते का ते औषधतज्ज्ञाने सांगायचं, सगळं लिहून ठेवायचं आणि ठरावीक काळाने पुन्हा पाहायचं. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने माणसाला, त्याची समज शाबूत असतानाच, पुढे आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे लिहून ठेवण्याचा आणि आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमण्याचा हक्क दिला आहे. स्मृतिभ्रंशाचं निदान सुरुवातीलाच झालं तर त्या दिवसांतच हे बोलून घेता येतं. झोपेची गोळी मात्र या कसोटीला क्वचितच उतरते, कारण ती न दिल्याने जीव जात नाही. आणि गुंगीच्या औषधाची खरंच गरज पडली, तर डॉक्टर ती कमी मात्रेत, ठरावीक दिवसांसाठी, पुन्हा तपासायची तारीख देऊन लिहितात. सरसकट देता येईल असं औषधच नाही. मनोविकारावरची काही शांत करणारी औषधं डिमेन्शियाच्या रुग्णांत मृत्यूचा धोका वाढवतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ आणि २००८ साली दिला आहे. त्यातली हॅलोपेरिडॉलसारखी औषधं लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात माणसाला अक्षरशः ताठ करून टाकू शकतात.

कुणाच्या घरी आत्ता हे चाललं असेल तर दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. माणूस हलवूनही नीट जागा होत नाही, श्वास फार संथ किंवा घरघरता आहे, ओठ निळसर दिसतात, असं असेल तर १०८ ला फोन करायचा. त्याला कुशीवर झोपवायचं. जागं करायला कॉफी, पाणी काही पाजायचं नाही, उलटी करवायची नाही. गोळीची पट्टी बरोबर घ्यायची आणि कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती रात्री आणि शेवटची किती वाजता, या चारही गोष्टी पहिल्याच वाक्यात सांगायच्या. डॉक्टरांना त्या क्षणी तुमच्या हेतूत रस नसतो, त्यांना ही माहिती हवी असते.

पण गोळी महिनोन्‌महिने चालू असेल आणि माणूस ठीक असेल, तर हा लेख वाचून आज रात्री ती एकदम बंद करू नका. शरीर त्या औषधाला सरावलेलं असतं, आणि अचानक तोडलं तर आधी सांगितलेली थरथर, भास, फिट हे सगळं उद्भवू शकतं. या आठवड्यातच डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगा. ते मात्रा काही आठवड्यांत थोडी थोडी उतरवतील, आणि तोवर रात्री कुणी जागायचं याची पाळी ठरवावी लागेल. एकट्या सुनेवर ती टाकून चालणार नाही. ज्येष्ठांसाठीची सरकारी मदतवाहिनी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची 'टेलि-मानस' १४४१६ या दोन्हींवर फोन करून आपल्या भागात दिवसाची देखभाल किंवा रात्रीसाठी मदतनीस कुठे मिळेल, हे विचारता येतं.